सायटोक्रोम सी खरंच बाहेर पडलं का? डिजिटोनिन, वेस्टर्न ब्लॉट आणि कॅस्पेस: स्टेप बाय स्टेप

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा प्रयोग हमखास येतो. एखादं औषध किंवा वनस्पतीचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकला, पेशी मेल्या, आणि आता दाखवायचंय की मेल्या त्या अपॉप्टोसिसने, तेही मायटोकॉन्ड्रियाच्या रस्त्याने. मग सायटोसोलमध्ये सायटोक्रोम सी चा बँड दाखवायचा, खाली कॅस्पेस-३ कापल्याचा बँड दाखवायचा, की झालं. पण त्या पहिल्या बँडचा अर्थ बहुतेक वेळा कुणी तपासतच नाही. मायटोकॉन्ड्रियाने सायटोक्रोम सी स्वतः सोडलं, की आपण पेशी फोडताना मायटोकॉन्ड्रियाच फोडल्या? ब्लॉटवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. हा लेख बराचसा तेवढ्यासाठीच आहे.

आधी थोडक्यात काय घडतं ते बघू, कारण पुढच्या सगळ्या कंट्रोलचं कारण त्यातच आहे. सायटोक्रोम सी हे छोटं प्रोटीन आहे, साधारण १२ किलोडाल्टनचं, आणि ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आणि बाहेरच्या पडद्याच्या मधल्या जागेत असतं. नेहमीचं काम इलेक्ट्रॉन वाहून न्यायचं. पेशीवर ताण आला (डीएनए तुटला, कायनेज बंद पडले वगैरे) की बीसीएल-२ घराण्यातली बॅक्स आणि बॅक ही प्रोटीन बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि सायटोक्रोम सी सायटोसोलमध्ये येतं. तिथे ते एपॅफ-१ ला चिकटतं, मग डीएटीपी किंवा एटीपीच्या मदतीने सात एपॅफ-१ एकत्र येऊन चाकासारखी रचना होते, तिला अपॉप्टोझोम म्हणतात. या चाकावर कॅस्पेस-९ येऊन बसतं आणि चालू होतं, ते कॅस्पेस-३ आणि ७ ला कापून चालू करतं, आणि मग हे दोघं पेशीतली शेकडो प्रोटीन कापत सुटतात. या कापाकापीत एक सेफ्टी कॅच पण आहे, एक्सआयएपी नावाचं प्रोटीन कॅस्पेस-९, ३ आणि ७ ला दाबून धरतं, पण मायटोकॉन्ड्रियामधून सायटोक्रोम सी सोबत स्मॅक पण बाहेर पडतं आणि ते एक्सआयएपीला बाजूला करतं.

आता गंमत बघा. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या ग्रुपने हे सायटोक्रोम सी चं काम शोधलं ते कशातून, तर अजिबात न मरणाऱ्या, नीट वाढणाऱ्या हेला पेशींच्या अर्कातून. त्या अर्कात डीएटीपी टाकलं की कॅस्पेस-३ चालू व्हायचं. निरोगी पेशींच्या सायटोसोलमध्ये सायटोक्रोम सी आलं कुठून? पेशी फोडायचं बफर हायपोटॉनिक होतं, त्यात मायटोकॉन्ड्रियाही फुटल्या आणि सायटोक्रोम सी अर्कात उतरलं. बफरमध्ये सुक्रोज टाकून मायटोकॉन्ड्रिया शाबूत ठेवल्या तर अर्क चालेना, आणि वरून सायटोक्रोम सी घातलं की परत चालू. म्हणजे ज्या गळतीमुळे शोध लागला तीच गळती आज आपल्या ब्लॉटमध्ये शिरली की आपल्याला फसवते.

म्हणून होमोजिनायझरपेक्षा डिजिटोनिन

डाउन्स होमोजिनायझरने पेशी फोडता येतात, पण किती फेऱ्या मारायच्या हे हातावर अवलंबून असतं आणि दोन जणांचे रिझल्ट जुळत नाहीत. कमी पेशी असतील तर डिजिटोनिन सोपं पडतं. ते कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यात फार कमी, त्यामुळे योग्य डोसला पेशीचा पडदा भोकं पडून मोकळा होतो आणि मायटोकॉन्ड्रिया तशाच राहतात. जास्त झालं तर मात्र त्याही जातात.

डिजिटोनिन हा वनस्पतीतून काढलेला पदार्थ आहे, शुद्धता बाटलीप्रमाणे बदलते, त्यामुळे कुणाच्या तरी पेपरमधला आकडा उचलून तसाच वापरायचा नाही. शिवाय पाण्यात नीट विरघळत नाही, ९५ डिग्रीला गरम करून विरघळवावं लागतं आणि थंड झालं की काही वेळाने खाली बसायला लागतं, म्हणून ताजं करा आणि वापरण्याआधी ट्यूब उजेडात धरून बघा.

बफर असं ठेवा: २५० मिलिमोलर सुक्रोज, ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलरच्या आसपास फॉस्फेट, पीएच ७.४ च्या जवळ, आणि प्रोटिएज इनहिबिटर. सुक्रोज का ते वर आलंच. पोटॅशियम क्लोराइडकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सायटोक्रोम सी वर धन चार्ज बराच असतो आणि ऋण चार्जच्या पडद्यांना ते नुसतंच चिकटून बसतं, मीठ नसेल तर बाहेर पडलेलं सायटोक्रोम सी सुद्धा पेलेटमध्येच राहील आणि तुम्ही म्हणाल की सुटलंच नाही.

आता टायट्रेशन. याला एक दुपार जाते पण एकदाच करायचंय, नवीन बाटली किंवा नवीन सेल लाइन आली की परत. औषध न दिलेल्या पेशी घ्या, प्रत्येक ट्यूबमध्ये १० लाख, आणि डिजिटोनिन ०, २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असं ठेवा. प्रत्येकात १०० मायक्रोलिटर बफर, बर्फावर ५ मिनिटं. मग थोडंसं काढून ट्रायपॅन ब्लू टाकून मायक्रोस्कोपखाली बघा. जिथे ९५ टक्क्यांच्या वर पेशी निळ्या होतात तो सगळ्यात कमी डोस पकडा. पण इथे थांबू नका, त्याच ट्यूबचे सुपरनॅटंट आणि पेलेट ब्लॉटवर चालवा. बरोबर डोसला ट्युब्युलिन सुपरनॅटंटमध्ये यायला हवं आणि सायटोक्रोम सी जवळपास पूर्ण पेलेटमध्ये राहायला हवं. पुढच्या डोसला सायटोक्रोम सी पण वर यायला लागलं तर तुमची मर्यादा कुठे आहे ते कळलं. आणि सगळ्यात कमी डोसलाच येत असेल तर डिजिटोनिनला दोष देण्याआधी पेशी बघा, ओव्हरकॉन्फ्लुएंट झालेल्या, आधीच मरायला लागलेल्या पेशी असतील.

प्रयोगाचा आराखडा

उदाहरणाला हेला पेशी आणि कायनेज बंद करणारं स्टॉरोस्पोरिन घेऊ, कारण ते बऱ्यापैकी खात्रीचं कॉम्बिनेशन आहे (हेला, एमसीएफ-७ वगैरे लाइन आपल्याकडे बरेच जण पुण्याच्या एनसीसीएसच्या रिपॉझिटरीतून घेतात). तुमचं औषध नंतर, आधी या पॉझिटिव्ह कंट्रोलवर हात बसवा.

स्टॉरोस्पोरिनचा स्टॉक १ मिलिमोलर, डीएमएसओमध्ये, म्हणजे १००० पट पातळ केला की १ मायक्रोमोलर. झेडव्हॅड हा सगळ्या कॅस्पेसना बंद करणारा इनहिबिटर, त्याचा स्टॉक २० मिलिमोलर, तोही १००० पट पातळ, म्हणजे २० मायक्रोमोलर. आता डीएमएसओचा हिशोब करा: ज्या प्लेटमध्ये दोन्ही टाकले तिथे ०.२ टक्के झालं, म्हणून बाकी सगळ्या प्लेटमध्ये, झिरो अवरमध्ये पण, डीएमएसओ ०.२ टक्के करून घ्या. गाइडने नाही विचारलं तर रिव्ह्यूअर विचारेल.

प्लेट पाच: ० तास, २ तास, ४ तास, ६ तास, आणि ६ तास झेडव्हॅडसकट. झेडव्हॅड औषधाच्या अर्धा ते एक तास आधी टाका. वेळ उलटी मोजा, म्हणजे ६ तासवाल्यांना आधी औषध, मग ४ वाल्यांना, असं करून सगळ्या प्लेट एकाच वेळी काढता येतात आणि फ्रॅक्शनेशन एकत्र होतं.

स्टॉरोस्पोरिन दिल्यावर तासाभरातच पेशी आकसून फांद्या फुटल्यासारख्या दिसायला लागतात आणि लोकांना वाटतं झालं काम. ते अपॉप्टोसिस नाही, कायनेज बंद पडल्याने सांगाडा कोसळलेला असतो, झेडव्हॅड दिलेल्या पेशीही तशाच दिसतात. पडद्यावर बुडबुडे उठणं आणि पेशी गोल होऊन सुटणं हे नंतरचं. आणि स्टॉरोस्पोरिन विषारी आहे हे लक्षात असू द्या, ग्लव्हज, आणि मीडियम सिंकमध्ये ओतायचं नाही.

पेशी काढणं आणि फ्रॅक्शनेशन

सुटून तरंगणाऱ्या पेशी फेकायच्या नाहीत! अपॉप्टोसिसमध्ये सगळ्यात पुढे गेलेल्या पेशी त्याच असतात. मीडियम, पीबीएसचं धुणं आणि ट्रिप्सिनने काढलेल्या, सगळं एकाच ट्यूबमध्ये गोळा करा, स्पिन करा, थंड पीबीएसने एकदा धुवा आणि मोजा. प्रत्येक नमुन्याच्या १० लाख पेशी फ्रॅक्शनेशनला, आणि वेगळ्या १० लाख पेशी होल सेल लायसेटला, त्या थेट गरम एसडीएस बफरमध्ये. कॅस्पेस आणि कॅस्पेस ज्याला कापतं ते पार्प नावाचं प्रोटीन या दुसऱ्या ट्यूबमधून बघायचे, कारण पार्प न्यूक्लियसमध्ये असतं आणि फ्रॅक्शनमध्ये ते अर्धवट निघतं.

इथे एक गोष्ट जी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली नसते: उशीर झाला म्हणून पेशींचं पेलेट उणे ८० मध्ये टाकून उद्या फ्रॅक्शनेशन करू असं अजिबात नको. फ्रीझ-थॉमध्ये मायटोकॉन्ड्रिया फुटतात आणि झिरो अवरलाच सायटोसोलमध्ये दणदणीत बँड येतो. फ्रॅक्शन वेगळे झाल्यावर मग खुशाल फ्रीज करा.

पेलेट हलकेच टॅप करून सुटं करा, ठरवलेल्या डोसचं डिजिटोनिन बफर १०० मायक्रोलिटर, बर्फावर ५ मिनिटं, पिपेटने जोरात वरखाली करायचं नाही आणि व्होर्टेक्स तर नाहीच. मग १००० जी ला ५ मिनिटं, ४ डिग्री. वरचं द्रव नवीन ट्यूबमध्ये, पेलेटच्या अगदी जवळचे १०-१५ मायक्रोलिटर सोडून द्या, लोभ नको. ते द्रव परत १३,००० जी ला १० मिनिटं फिरवा म्हणजे त्यात आलेल्या सुट्या मायटोकॉन्ड्रिया खाली बसतील, वरचं ते सायटोसोल. पहिलं पेलेट (मायटोकॉन्ड्रिया, न्यूक्लियस वगैरे सगळं) १ टक्का ट्रायटनच्या बफरमध्ये, तेही १०० मायक्रोलिटरच, १० मिनिटं बर्फावर आणि मग १३,००० ला स्पिन.

दोन्हीत आकारमान सारखं का ठेवलं? कारण लोडिंग प्रोटीनच्या मायक्रोग्रॅमवर नाही तर पेशींच्या संख्येवर करायचंय. १०० मायक्रोलिटरमध्ये २५ मायक्रोलिटर सॅम्पल बफर टाकलं की १२५ झाले, त्यातले १५ लोड केले म्हणजे सुमारे १ लाख २० हजार पेशींचा माल. पेलेटचेही १५. (पेलेटशेजारचं जे थोडं सोडलं ते सगळ्या नमुन्यांत सारखंच सोडा.) आता दोन्ही लेन एकमेकांशी थेट ताडता येतात: पेलेटमधून जितकं गेलं तितकं सायटोसोलमध्ये दिसलं पाहिजे. सायटोसोल आणि पेलेट दोन्हीचे ३० मायक्रोग्रॅम लोड केले तर हा हिशोबच बिघडतो, कारण दोन्ही फ्रॅक्शनमध्ये एकूण प्रोटीन वेगवेगळं असतं.

ब्लॉट

१२ किलोडाल्टनचं प्रोटीन म्हणजे १५ टक्के जेल, आणि डाय फ्रंट जेलमधून बाहेर जाऊ द्यायचा नाही. मेंब्रेन ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ घ्या, ०.४५ मधून इतकी छोटी प्रोटीन आरपार जातात. ट्रान्सफरही जास्त वेळ चालवू नका.

अँटीबॉडीत मोठी चूक होते. सायटोक्रोम सी च्या दोन जुन्या प्रसिद्ध क्लोन आहेत, 7H8.2C12 आणि 6H2.B4. पहिली डिनेचर झालेलं प्रोटीन ओळखते, म्हणजे वेस्टर्नला ती. दुसरी मूळ घडीतलं प्रोटीन ओळखते, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्सला ती. उलटं मागवलं तर ब्लॉट कोरा येतो आणि महिनाभर ट्रान्सफर सुधारण्यात जातो.

त्याच मेंब्रेनवर सायटोसोलसाठी ट्युब्युलिन, मायटोकॉन्ड्रियासाठी व्हीडॅक किंवा कॉक्स-४. व्हीडॅक बाहेरच्या पडद्यात, कॉक्स-४ आतल्या पडद्यात, आणि दोन्ही पडद्यात रोवलेली, त्यामुळे सायटोसोल लेनमध्ये ती दिसली तर मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे आलेत हे नक्की. पण लक्षात घ्या, ती नाही दिसली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. बाहेरचा पडदा फाटून सायटोक्रोम सी निसटलं आणि बाकी मायटोकॉन्ड्रिया खाली बसली तर कॉक्स-४ स्वच्छ दिसेल. म्हणून खरा निकाल देणारी लेन एकच, औषध न दिलेल्या पेशींचं सायटोसोल, तिथे सायटोक्रोम सी नसलं पाहिजे. ती लेन घाण असेल तर बाकीच्या लेन वाचायच्याच नाहीत.

वाचायचं कसं

समजा सगळं नीट झालं. ० तासाला सायटोसोल कोरं, पेलेटमध्ये जाड बँड. २ तासाला सायटोसोलमध्ये पुसट, ४ ला स्पष्ट, ६ ला जाड, आणि पेलेट त्याच प्रमाणात उतरत जातं. होल सेल लायसेटमध्ये प्रोकॅस्पेस-३ (३५ किलोडाल्टनच्या खाली) कमी होतं आणि १९ व १७ किलोडाल्टनचे तुकडे दिसतात, पार्प ११६ वरून ८९ ला येतं. झेडव्हॅडच्या लेनमध्ये पार्प ११६ लाच, १७ चा तुकडा नाही (कधीकधी २० च्या जवळ एक बँड राहतो, कॅस्पेस-९ चा पहिला काप झालेला असतो पण पुढची छाटणी थांबलेली असते), आणि सायटोसोलमध्ये सायटोक्रोम सी मात्र तसंच जाड.

सगळी किंमत या शेवटच्या लेनची आहे. कॅस्पेस बंद असूनही सायटोक्रोम सी सुटलं म्हणजे सुटणं आधी, कॅस्पेस नंतर. ही लेन नसेल तर तुमच्याकडे फक्त दोन गोष्टी एकाच वेळी घडल्याचा पुरावा आहे, क्रम नाही. आणि समजा तुमच्या औषधाच्या प्रयोगात झेडव्हॅडने सायटोक्रोम सी पण थांबलं, तर प्रयोग फसला असं धरू नका. फॅससारख्या रिसेप्टरच्या रस्त्याने कॅस्पेस-८ आधी चालू होतं, ते बिड कापतं आणि मग मायटोकॉन्ड्रिया सोडते, तिथे झेडव्हॅडने गळती थांबणं अपेक्षितच आहे. मग पुढे कॅस्पेस-८ आणि बिडचा ब्लॉट करायचा.

दुसरी गोष्ट, २ तासाला पुसट, ४ ला मध्यम हे बघून बरेच जण लिहितात की सायटोक्रोम सी हळूहळू सुटतं. तसं नाही. २००० मध्ये जीएफपी जोडलेलं सायटोक्रोम सी वापरून एकेक हेला पेशी मायक्रोस्कोपखाली बघितली गेली, तेव्हा दिसलं की एका पेशीत सुटणं एकदा सुरू झालं की साधारण पाच मिनिटांत सगळं सुटतं, मग कारण स्टॉरोस्पोरिन असो की यूव्ही. फरक असतो तो कुठली पेशी केव्हा सुरू करते यात. म्हणजे ब्लॉटवर ३० टक्के सायटोक्रोम सी बाहेर दिसतंय त्याचा अर्थ ढोबळमानाने ३० टक्के पेशींनी सोडलंय, प्रत्येक पेशीने ३० टक्के नाही. हे पटवायला कव्हरस्लिपवर इम्युनोफ्लुरोसन्स करा (6H2.B4 इथे): काही पेशींत धाग्यांसारखी मायटोकॉन्ड्रियाची नक्षी, शेजारच्या पेशीत सगळीकडे पसरलेला धूसर रंग, मधलं जवळपास काही सापडत नाही.

आकडा हवा असेल तर कॅस्पेस-३ ची ॲक्टिव्हिटी मोजा. ५० मायक्रोग्रॅम लायसेट (एसडीएसवालं नाही, सौम्य डिटर्जंटचं), ५० मायक्रोमोलर Ac-DEVD-AMC, ३७ डिग्री, ३८० वर उत्तेजित करून ४६० वर रीडिंग, दर पाच मिनिटांनी तासभर, आणि सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार घ्या. बफरमध्ये १० मिलिमोलर डीटीटी ताजं टाका, कॅस्पेसच्या कामाच्या जागी सिस्टीन असतं आणि ते ऑक्सिडाइझ झालं की एन्झाइम मुकं होतं. DEVD कॅस्पेस-७ पण कापतं, म्हणून पेपरमध्ये कॅस्पेस-३/७ ॲक्टिव्हिटी असंच लिहा.

कुठे अडतं

२४ तासांनी नमुना घेतला तर बऱ्याच पेशींचा बाहेरचा पडदा आपोआप फुटलेला असतो, प्लेटमध्ये मॅक्रोफेज नसतात ना साफ करायला, आणि सायटोक्रोम सी मीडियममध्ये निघून जातं. मग पेलेटमध्येही कमी, सायटोसोलमध्येही कमी, ट्युब्युलिनही कमी. ट्युब्युलिन घसरलं की वेळ अलीकडे घ्या.

एमसीएफ-७ वापरणाऱ्यांसाठी खास: या लाइनमध्ये कॅस्पेस-३ च्या जीनचा एक तुकडा गळालेला आहे, ४७ बेसचा, त्यामुळे कॅस्पेस-३ तयारच होत नाही. सायटोक्रोम सी सुटतं, कॅस्पेस-९ चालू होतं, पण १७ चा बँड कितीही अँटीबॉडी बदलल्या तरी येणार नाही, आणि डीएनएची ती पायऱ्यापायऱ्यांची शिडीही सहसा दिसत नाही. तिथे कॅस्पेस-७ चा कापलेला तुकडा आणि पार्पचा ८९ बघा. आणि एखाद्या पेपरमध्ये साध्या एमसीएफ-७ मध्ये कापलेल्या कॅस्पेस-३ चा सुरेख बँड दाखवला असेल तर आधी त्यांची सेल लाइन खरंच एमसीएफ-७ आहे का, तिचं एसटीआर टायपिंग केलंय का, ते मेथड्समध्ये शोधा.